दात ठणकतो, गळू ठसठसतं: ज्याला आवाजच नाही त्यालाही आवाज देणारे शब्द

ठाण्यातल्या कुठल्याही फॅमिली डॉक्टरच्या वेटिंगमध्ये दहा मिनिटं बसा आणि फक्त लोकांचं बोलणं ऐका. दात ठणकतोय, गळू ठसठसतंय, घसा खवखवतोय, डोळे चुरचुरतायत, डोकं भणभणतंय, उन्हातून आल्यापासून पाठ हुळहुळतेय, पोटात ढवळून मळमळतंय, उठलं की गरगरतं. डॉक्टरही यातल्या एकाही शब्दाचा अर्थ विचारत नाहीत, उलट तेच विचारतात की अहो ठणकतंय की नुसतं ठसठसतंय, कारण दोन्हींत फरक आहे आणि तो फरक पेशंटला आणि त्यांना दोघांनाही नेमका माहितीये.

आता जरा थांबून बघा. यातल्या एकाही गोष्टीचा आवाज येत नाही. दात ठणकतो तेव्हा शेजारी बसलेल्या माणसाला काहीही ऐकू येत नाही, हुळहुळणारी पाठ गप्पच असते, तरी आपण या सगळ्या दुखण्यांना असे शब्द दिलेत जे ऐकताना वाटतं की कसली तरी नक्कल चाललीये. आवाज नाही तर मग नक्कल कशाची? हाच मुद्दा मला आज नीट उलगडून सांगायचाय, कारण शाळेत आपल्याला हे अर्धंच शिकवलं गेलं.

शाळेच्या व्याकरणात अभ्यस्त शब्दांचा धडा असतो, त्यात पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त आणि अनुकरणवाचक असे प्रकार असतात आणि अनुकरणवाचकाखाली किणकिण, खळखळ, गडगड, कडकड अशी उदाहरणं देतात. म्हणजे काय तर ध्वनीचं अनुकरण करणारे शब्द. व्याख्या चूक नाही पण खूप तोकडी आहे, कारण किणकिण त्या व्याख्येत बसतं पण लुकलुक बसत नाही, चांदण्या लुकलुकतात तेव्हा त्यांचा कुठला ध्वनी? आणि हुरहुर? रुखरुख? तगमग? मनात रुखरुख लागून राहते ती ऐकलीये का कुणी?

जगभरचे भाषाअभ्यासक या सगळ्या गोतावळ्याला मिळून आयडिओफोन म्हणतात. हा शब्द रूढ केला क्लेमंट डोक यांनी, 1935 साली, आफ्रिकेतल्या बांटू भाषांचा अभ्यास करताना, कारण तिथं असे शब्द शेकड्यांनी होते आणि ते नाम, विशेषण, क्रियाविशेषण यातल्या एकाही खणात नीट मावत नव्हते. त्यांच्याही आधी वेस्टरमान नावाच्या जर्मन अभ्यासकानं पश्चिम आफ्रिकेतल्या एवे भाषेत नुसत्या 'चालणे' या क्रियापदाबरोबर येणारे असे कितीतरी शब्द नोंदवले होते, लठ्ठ माणसाचं चालणं वेगळं, घाईतलं वेगळं, पाय ओढत चालणं वेगळं, आणि त्यांना त्यानं 'ध्वनिचित्रं' अशा अर्थाचं नाव दिलं होतं. मला तेच नाव जास्त आवडतं. साधा शब्द वस्तूला नाव देतो, हे शब्द चित्र काढतात. 'तो जोरात पाण्यात पडला' हे सांगणं झालं, 'तो धबकन पडला' यात पडण्याचा नमुना तोंडानंच करून दाखवला.

आणि हा वाद काही परदेशातून आलेला नाही बरं का. यास्काच्या निरुक्त या प्राचीन व्युत्पत्तिग्रंथात कावळ्याच्या नावावरून हीच चर्चा आहे, यास्क म्हणतो की काक हे आवाजाचं अनुकरण आहे आणि पक्ष्यांच्या नावात असं पुष्कळदा दिसतं, आणि लगेच तिथंच औपमन्यव नावाच्या आचार्याचं उलट मत दिलंय की शब्दात अनुकरण वगैरे काही नसतंच. विसाव्या शतकात भाषाविज्ञानानं बराच काळ औपमन्यवाची बाजू घेतली, शब्द आणि अर्थ यांचं नातं निव्वळ संकेतानं ठरतं असं मानलं, आणि आयडिओफोन हे किरकोळ अपवाद म्हणून कोपऱ्यात ढकलले. मराठी बोलणाऱ्या माणसाला ते किरकोळ वाटणं शक्यच नाही. दिवसभरात यांच्याशिवाय एक तास बोलून दाखवा.

मार्क डिंगमान्स या डच अभ्यासकानं घानामधल्या सीवू भाषेवर बरीच वर्षं काम केलं आणि 2012 मध्ये अनेक भाषांची तुलना करून एक उतरंड मांडली. सगळ्यात वरची पायरी ध्वनीची, तिच्याखाली हालचाल, मग डोळ्याला दिसणारे आकार आणि नक्षी, मग स्पर्श, चव, वास, दुखणं अशा बाकीच्या संवेदना, आणि सगळ्यात तळाला मनाची अवस्था. त्याचं म्हणणं असं की एखाद्या भाषेत खालच्या पायरीचे आयडिओफोन असतील तर वरच्या पायऱ्यांचे असतातच, पण वरच्या पायरीचे आहेत म्हणून खालचे असतीलच असं नाही. इंग्रजीत मांजराचं आणि घड्याळाचं अनुकरण भरपूर आहे पण मनाच्या पायरीपर्यंत ती भाषा क्वचितच उतरते. मराठी थेट तळापर्यंत जाते. किणकिण ही ध्वनी, दुडदुड ही हालचाल, लुकलुक हे दिसणं, बुळबुळीत हा स्पर्श, झणझणीत ही चव (ठाण्यात मिसळीवर तर्री ओतल्यावर दुसरा शब्द सुचतच नाही), ठसठस हे दुखणं, आणि हुरहुर, रुखरुख, धाकधूक, चुटपुट, तगमग ही सगळी मनं.

पण उतरंड दाखवून भागत नाही, खरा प्रश्न हा आहे की ध्वनीच्या पायरीवरून माणूस दुखण्याच्या पायरीवर उतरतो कसा. त्यासाठी एकच शब्द घेऊन बघू, ठण.

ठणठण हा मुळात धातूचा आवाज, देवळातली घंटा, तांब्याच्या भांड्यावर पळी मारली तर येतो तो. या आवाजाची घडण बघा, एक कडक ठोका, मग लांबत विरणारी कंपनं, मग पुन्हा ठोका. उच्चारात पण तेच होतं, ठ म्हणताना जीभ टाळूला टेकून हवा अडवते आणि एकदम जोरानं सोडते, तो ठोका, आणि मागून येणारा ण नाकातून घुमत राहतो, ते विरणं. आता किडका दात आठवा. रक्ताच्या प्रत्येक ठोक्याबरोबर एक तीव्र कळ येते, ती पसरत ओसरते, तोवर दुसरी येते. म्हणजे घंटा आणि दात यांच्यात ध्वनी समान नाहीये, वेळेतली घडण समान आहे. ठोका, विरणं, ठोका, विरणं. आयडिओफोन त्या घडणीची नक्कल करतो, म्हणून त्याला आवाजाची गरजच पडत नाही. आणि म्हणूनच गळवाला आपण ठणकतंय म्हणण्याआधी ठसठसतंय म्हणतो, तिथंही ठोका आहे पण मागं घुमणारा ण नाही, बोथट स आहे, दाबल्यासारखा, कोंडल्यासारखा. पू धरून सुजलेली जागा आतून दाबत असते तशीच. चुरचुरण्यात तर ठोका जवळजवळ नाहीच, बारीक बारीक खरवडल्यासारखं सतत चालू राहतं, ओरखड्यावर सॅनिटायझर लागल्यावर होतं तसं.

ठणठणीत तब्येत मात्र याच घराण्यातून पण दुसऱ्या दारानं आलीये असं मला वाटतं, नीट भाजलेलं, तडा न गेलेलं मडकं टिचकी मारली की खणखणीत वाजतं, तशी धड तब्येत. आणि खिशात ठणठणगोपाळ असतो तेव्हा रिकामं भांडं वाजत असतं. एकच आवाज, पण कुणी त्यातला ठोका उचलला, कुणी घुमणं, कुणी पोकळपणा. कुठला धागा उचलायचा हे भाषा ठरवते. हे वाक्य जरा लक्षात असू द्या, पुढं लागणार आहे.

मी वाशीत शनिवार-रविवारी मोठ्या माणसांना बोलकी मराठी शिकवते, बहुतेक जण नोकरीसाठी नवी मुंबईत आलेले, कुणी तमिळ कुणी बंगाली कुणी मल्याळी, आणि व्याकरणात सगळ्यात मजा येते ती याच शब्दांना. पहिल्या दिवशी त्यांना वाटतं की हे शेकडो शब्द एकेक करून पाठ करायचे, आणि मग मी त्यांना साचा दाखवते. पट घ्या. पटकन म्हणजे एकदाच, झटक्यात. पटपट म्हणजे तेच परत परत, चालू राहणारं, पटपट जेव, पटपट चाल. पटापट म्हणजे अनेक सुट्या गोष्टी एकामागोमाग एक, पटापट सगळे ट्रेनमधून उतरले. आता हाच साचा टप ला लावा. एक थेंब टपकन पडला, छत टपटप गळतंय, आंबे टपाटप पडले. गट ला लावा, गोळी गटकन गिळली, पाणी गटागटा प्यायला. खट ला लावा, दिवा खटकन बंद केला, दार खटखट वाजलं, बटणं खटाखट दाबली. क्लासमधल्या लोकांना मी एकदम अनोळखी धातू दिला, भस, तर भसकन, भसाभस हे दोन्ही त्यांनी स्वतःच बनवले आणि पाण्याचा पाईप फुटल्यावर कुठला वापरायचा हेही बरोबर सांगितलं.

म्हणजे शब्दात दोन थर आहेत. एक धातूचा थर, पट, टप, गट, भस, जो सांगतो की क्रिया कसल्या जातीची. आणि दुसरा साच्याचा थर, जो सांगतो की ती काळात कशी पसरलीये, एकदा, परत परत, की रांगेनं. हा दुसरा थर मात्र पूर्ण पारदर्शक आहे, क्रिया पुन्हा होते म्हणून शब्दही पुन्हा होतो, यात समजावायला काही नाही. जगातल्या ज्या ज्या भाषांत आयडिओफोन भरपूर आहेत तिथं द्विरुक्ती सापडतेच. लांबवणंही तसंच, साप सरकन गेला आणि साप सर्रर्रकन गेला यात दुसरा साप जास्त लांब घसरत गेला, हे कुणी शिकवावं लागत नाही. पाणिनीनंसुद्धा अशा अव्यक्त आवाजाच्या अनुकरणांना प्रत्यय लावून करोतिसारख्या क्रियापदांशी जोडण्यासाठी वेगळं सूत्र ठेवलंय, आणि त्यावर टीकाकार देतात ते ठरलेलं उदाहरण काय माहितीये? पटपटाकरोति. पट तेव्हाही होतं.

खरा वाद आहे तो पहिल्या थराबद्दल, म्हणजे एकेका वर्णात काही अर्थ असतो का. इथं फार सांभाळून बोलायला लागतं, कारण या विषयात लोक लगेच वाहवत जातात आणि ळ म्हणजे मृदुता, झ म्हणजे प्रकाश असं काहीबाही ठोकून देतात. झगमग, झळाळी, झळकणे अशी तीन उदाहरणं दिली की झालं, आणि झाड, झोप, झाडू, झेंडा यांचं काय ते कुणी विचारत नाही.

तपासायची रीत सोपी आहे पण कष्टाची आहे. आधी अर्थाचा एक छोटा कप्पा निवडायचा, वर्ण नाही. समजा स्पर्श. मग त्या कप्प्यातले जमतील तेवढे सगळे शब्द गोळा करायचे, आवडते तेवढेच नाही, आणि मग बघायचं की काही वर्ण एका बाजूला जास्त पडतायत का. मराठीत करून बघा. खडबडीतपणाच्या बाजूला खरखरीत, खरबरीत, भरभरीत, रखरखीत, चरचरीत. गुळगुळीतपणाच्या बाजूला गुळगुळीत, बुळबुळीत, मुळमुळीत, लुसलुशीत. एका बाजूला र ची गर्दी, दुसऱ्या बाजूला ळ आणि ल ची, शिवाय स्वर पण बघा, तिकडं अ आणि इकडं उ. र म्हणताना जिभेचं टोक थरथरतं, हवा तुटक तुटक सुटते, बोटं खडबडीत भिंतीवरून फिरवल्यावर स्पर्श जसा तुटक येतो तसाच. ल आणि ळ मध्ये हवा बाजूनं न अडखळता वाहते. 2022 मध्ये बोडो विंटर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट तीनशेहून जास्त भाषांतल्या शब्दांवर तपासली, 'खडबडीत' आणि 'गुळगुळीत' या अर्थाचे शब्द काढून, आणि ज्या भाषांत जीभ थरथरवून म्हटला जाणारा र आहे तिथं तो खडबडीतच्या शब्दात ठळकपणे जास्त निघाला. आमची खरखर एकटी नाही हे वाचून मला खरंच फार आनंद झाला होता.

पण याच र ला स्पर्शातून काढून हालचालीत टाका. झरझर, सरसर, भरभर. इथं खडबडीत काहीच नाही, उलट सलग आणि वेगवान आहे. तोच वर्ण, तीच थरथर, पण स्पर्शाच्या कप्प्यात आपण तिच्यातला तुटकपणा ऐकतो आणि हालचालीच्या कप्प्यात तिच्यातला वेग. म्हणून 'र चा अर्थ अमुक' असं वाक्यच चुकीचं आहे, फार तर 'स्पर्श सांगताना र खडबडीतकडे झुकतो' असं म्हणता येतं. आणि अजून एक फसवी जागा म्हणजे जळजळ सारखे शब्द. छातीत जळजळतं हे ऐकायला अगदी चुरचुरण्यासारखंच वाटतं, पण त्यात जळणे हे साधं सरळ क्रियापद बसलंय, फक्त त्याला आयडिओफोनचा साचा घातलाय. त्यातल्या ळ वरून मृदुतेबद्दल काही सिद्ध करायला गेलात तर फसाल. धातू वेगळा काढून बघायचा, तो एकटा वापरात असलेला शब्द आहे का हे आधी तपासायचं.

मग परक्या माणसाला यातलं किती कळतं? इथं तुम्हीच एक छोटी परीक्षा द्या. जपानी भाषा अशा शब्दांसाठी प्रसिद्ध आहे आणि तिथले पेशंटही डॉक्टरला दुखणं असंच सांगतात. चार शब्द देते: झुकीझुकी, चिकुचिकु, हिरीहिरी, गानगान. आणि चार दुखणी: टोचल्यासारखं, ठणकणं, घण घातल्यासारखं डोकं दुखणं, कातडी चुरचुरणं. जोड्या लावा, खाली बघू नका.

उत्तर असं की झुकीझुकी म्हणजे ठणकणं, चिकुचिकु म्हणजे टोचणं, हिरीहिरी म्हणजे चुरचुरणं आणि गानगान म्हणजे डोक्यात घण. क्लासमध्ये हे विचारलं की गानगान आणि चिकुचिकु बहुतेकांचं बरोबर येतं, जड घुमणारा आवाज घणाला आणि बारीक इ चा आवाज टोकाला, पण झुकीझुकी आणि हिरीहिरी यांची अदलाबदल होते. माझ्या क्लासचा हा अनुभव म्हणजे काही प्रयोग नव्हे, पण खराखुरा प्रयोग झालाय आणि त्याचा निकाल फार वेगळा नाही. डिंगमान्स आणि मंडळींनी 2016 मध्ये जपानी, कोरियन, सेमाय, सीवू आणि एवे या पाच भाषांतले 203 आयडिओफोन घेतले, यातली एकही भाषा न येणाऱ्या डच लोकांना ते ऐकवले आणि दोन अर्थांतून एक निवडायला सांगितलं. नुसते नाणं उडवून निवडले असते तर निम्मे बरोबर आले असते. लोक त्याच्या वर गेले, नक्की वर गेले, पण थोडेसेच. ध्वनीचे शब्द सगळ्यात चांगले ओळखता आले. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे की नुसते वर्ण ठेवून बोलण्याचा सूर काढून टाकला, किंवा नुसता सूर ठेवून वर्ण काढले, तर ओळखणं ढासळलं, दोन्ही एकत्र लागतात. छापलेल्या पानावर 'सर्रकन' वाचणं आणि आजी हात फिरवत 'सर्रर्रकन गेला गं' म्हणते ते ऐकणं, यातला हा फरक आहे.

इथं एक शंका येईल, कारण बौबा-किकीचा प्रयोग बऱ्याच जणांनी वाचलेला असतो, एक गोलाकार आकृती आणि एक काटेरी, यातली बौबा कुठली आणि किकी कुठली. मूळ कल्पना कोलर या मानसशास्त्रज्ञाची, 1929 मधली, वेगळ्या बनावट शब्दांवर, आणि 2001 मध्ये रामचंद्रन आणि हबर्ड यांनी ती पुन्हा चर्चेत आणली. 2022 मध्ये ती 25 भाषांच्या लोकांवर करून पाहिली तर साधारण दहातल्या सात जणांनी बौबाला गोल ठरवलं. मग खऱ्या आयडिओफोनना निम्म्याच्या थोडंच वर का? कारण बौबा आणि किकी हे शब्द मुद्दाम टोकाचे बनवलेत, वर्ण एकदम विरुद्ध, आकृत्या एकदम विरुद्ध. खऱ्या भाषेत हुळहुळ आणि चुरचुर यांच्यामध्ये एवढी सोय नसते. आणि बौबा-किकी पण सगळीकडे चालत नाही, नेपाळमधल्या स्युबा भाषेच्या लोकांवर तसा प्रयोग केला तर परिणाम दिसलाच नाही, आणि अभ्यासकांचं म्हणणं असं की ते बनावट शब्द त्या भाषेच्या उच्चाराच्या चौकटीत बसतच नव्हते. परका वाटणारा आवाज आपण आधी परका म्हणून ऐकतो, अर्थ नंतर.

आणि चिकुचिकु मध्ये इ ऐकून तुम्ही बारीक टोकाकडे गेलात ना, तेही सगळीकडे लागू नाही. इ म्हणजे लहान हा कल खूप भाषांत सापडतो, सपीर या अभ्यासकानं 1929 मध्येच मिल आणि माल असे बनावट शब्द देऊन लोकांना विचारलं होतं की मोठं टेबल कुठलं, आणि बहुतेकांनी माल म्हटलं होतं. कारणही समजण्यासारखं आहे, इ म्हणताना तोंडाची पोकळी लहान होते आणि आवाजाचा वरचा भाग चढतो, लहान वस्तू आणि लहान प्राणी असाच आवाज काढतात. पण व्हिएतनाममधल्या बाहनार भाषेत उलटं आहे, जेरार दिफ्लोत यांनी दाखवलं की तिथल्या आयडिओफोनमध्ये इ मोठेपणा दाखवतो आणि आ लहानपणा. तीही काही लहर नाही, इ म्हणताना जीभ तोंडात जास्त जागा व्यापते, आणि बाहनारनं बहुधा आवाजाऐवजी तो धागा उचलला. ठण मध्ये आपण जे बघितलं तेच, आवाजात धागे अनेक, कुठला ओढायचा ते भाषेच्या हातात.

यातून माझ्या क्लासमधल्या एका जुन्या कोड्याचं उत्तर मला मिळालं. बंगाली मुलं या शब्दांना इतकी पटकन का पकडतात? तर त्यांच्याकडेही दात टनटन करतो. अगदी आपल्या ठणकण्याच्या शेजारचा शब्द. पण ही वैश्विक जादू समजू नका. एमेनो या भाषाअभ्यासकानं 1969 मध्ये दाखवून दिलं होतं की असे शब्द आणि त्यांचे साचे ही भारतातल्या आर्य आणि द्राविड दोन्ही कुळांच्या भाषांनी मिळून जपलेली गोष्ट आहे, शतकानुशतकं शेजारी राहून देवाणघेवाण झालेली. म्हणून बंगाली माणसानं मराठी आयडिओफोन ओळखला तर त्यावरून ध्वनीच्या ताकदीबद्दल काहीही सिद्ध होत नाही, तो नातेवाईकाला ओळखतोय. डच माणसाला जपानी ऐकवायचं कारण हेच. आणि नातेवाईकही फसवतात. बंगालीत डोकं झिमझिम करतं, आपल्याकडे पाऊस झिमझिम पडतो. तमिळमध्ये पळपळ म्हणजे चकाकणं, क्लासमधल्या एका ताईंनी नवीन स्टीलच्या भांड्यांना बघून पळपळ म्हटलं आणि बाकीचे दाराकडे बघायला लागले.

पावसावरून आठवलं, शिकणाऱ्यांना सगळ्यात उशिरा येते ती गोष्ट म्हणजे या शब्दात बोलणाऱ्याचा मूड पण भरलेला असतो. जुलैमधला तोच बारीक पाऊस, येऊरला चहा पिताना रिमझिम असतो आणि स्टेशनबाहेर रिक्षाच्या लाईनीत उभं असताना रिपरिप किंवा पिरपिर होतो. मिलिमीटरमध्ये मोजला तर एकच. रिपरिपमध्ये वैताग आहे, आणि तो वैताग कुठल्या वर्णात बसलाय हे मला दाखवता येणार नाही, प वर तुटणाऱ्या त्या चिकट आखूडपणात असेल कदाचित, पण पिरपिर करणारं मूल आणि पिरपिर करणारा पाऊस आपल्याला एकसारखेच नकोसे होतात एवढं खरं.

शेवटी एक चाचणी सांगते जी तुम्ही घरबसल्या करू शकता, एखादा शब्द अजून जिवंत चित्र आहे की साधा शब्द होऊन गेलाय हे ओळखायची. त्याला नकारात टाका. 'तो पटकन आला नाही' हे अगदी नॉर्मल वाक्य आहे. 'ससा टुणकन उडाला नाही' हे म्हणून बघा. कानाला खटकतं ना? कुणीतरी आधी टुणकन म्हटलं असेल आणि तुम्ही त्याला खोडून काढत असाल तरच चालतं, एरवी नाही. कारण उघड आहे, जे घडलंच नाही त्याचं चित्र कसं काढणार? 'काळजात धस्स झालं नाही' हे तर त्याहून विचित्र. जगभरच्या आयडिओफोनमध्ये हा नकाराचा तिटकारा दिसतो. पटकन इतकं वापरून वापरून गुळगुळीत झालंय की त्याचं चित्र पुसलं गेलं, आता ते 'लवकर' या साध्या क्रियाविशेषणाच्या रांगेत जाऊन बसलंय, त्याला नकार चालतो, प्रश्न चालतो, आज्ञा चालते. चटकन आणि झटकन त्याच वाटेवर आहेत. टुणकन, भुर्रकन, धस्स, चर्र अजून तिकडं गेलेले नाहीत, आणि त्यांची खूण ही की ते म्हणताना आवाज आपोआप बदलतो आणि बहुतेक वेळा हातही हलतो. ठणकणे मधे कुठेतरी आहे, क्रियापद होऊन ते व्याकरणात नीट मिसळलंय, 'आज दात ठणकत नाहीये' असं आपण डॉक्टरांना सहज सांगतो, पण ठणठण म्हणून द्विरुक्तीत परत नेलं की ठोका पुन्हा ऐकू यायला लागतो.